पाच मिलीत किती?

परवा रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आमची अडीच वर्षांची लेक तापाने फणफणत होती. थर्मामीटरवर 102.4. बायको तिला खांद्यावर घेऊन उभी, मी बाटली आणि झाकणावरचं माप घेऊन तयार. संध्याकाळी मीच औषध आणलं होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पॅरासिटामॉल, पाच मिली. मी म्हटलं, "अगं दे ना, पाच मिली."

तिने लेकीला माझ्याकडे दिलं, बाटली घेतली, दिवा लावला आणि लेबल वाचलं. मग खाली ठेवून परत उचलली आणि पुन्हा वाचलं. खरं सांगतो, मला राग आला. पोर रडतंय आणि ही वाचत बसलीये!

"अरे, ही 250 ची आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिलं होतं ते पाच मिलीत 125 मिलिग्रॅमवालं. दुकानात ते नव्हतं, म्हणून त्याच कंपनीचं दुप्पट ताकदीचं मिळालं. दुकानदार काहीतरी बोललाही होता, पण मी फोनवर होतो. खोकं तसंच, रंग तोच, बदललेला फक्त एक बारीक आकडा. मी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढतो, आणि इथे आकडा बघितला तो फक्त "5 मिली". पाच मिली हे नुसतं माप आहे. औषध किती, हे "प्रत्येक 5 मिलीमध्ये" या शब्दांच्या पुढे लिहिलेलं असतं.

दोनदा का वाचलंस, असं नंतर विचारलं. ती म्हणाली, पहिल्यांदा वाचताना मी नाव शोधते, ते सापडलं की डोळे पुढचं आपोआप बरोबर धरतात. दुसऱ्यांदा नाव सोडून फक्त आकडे वाचते. पाठ झालेला हरिपाठ म्हणताना आपलं काय होतं, ते आठवलं. ओठ चालू असतात, डोळे केव्हाच पुढच्या पानावर.

हिशोब साधा आहे. मुलांना पॅरासिटामॉल वजनावर देतात, एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. लेक 12 किलोची, म्हणजे 120 ते 180. डॉक्टरांचे 125 त्यात बसतात. माझे पाच मिली दिले असते तर 250 गेले असते, दर किलोला जवळजवळ 21. एकदा चुकून तेवढं गेलं तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण चूक कळलीच नसती. सहा-सहा तासांनी तोच डोस, दिवसात चार वेळा, दोन-तीन दिवस. जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृताला इजा करतं, आणि सुरुवातीला दिसतं काय? मळमळ, उलटी, सुस्ती. नाहीतर काहीच नाही. तापातल्या मुलाचं हे सगळं आपण तापावरच ढकलतो. म्हणून जास्त गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरांना गाठायचं. तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर एका मिलीतच 100 मिलिग्रॅम असू शकतं. तिथे पाच मिली म्हणजे थेट 500.

तर तिने 250 च्या बाटलीतलं अडीच मिली द्यायचं ठरवलं. आधी बाटली नीट हलवली. हे औषध पाण्यात पूर्ण विरघळलेलं नसतं, खाली बसतं. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस फिके आणि तळाचे कडक. मी चमचा आणायला निघालो, तर म्हणाली, "चमचा नको, आपल्याकडे तीन चमचे तीन मापांचे आहेत." झाकणाचं माप ओट्यावर ठेवून, वाकून, डोळ्यांच्या रेषेत आणून अडीचच्या खुणेपर्यंत भरलं. हातात उंच धरून बघितलं की खूण वरखाली दिसते.

मग मला प्रश्न: "आईंनी नऊ वाजता काही दिलं होतं का? सर्दीचं वगैरे?" सर्दीच्या बऱ्याच औषधांतही पॅरासिटामॉल असतं आणि दोन्ही मिळून डोस वाढतो. मी आईला उठवून विचारलं. काही दिलं नव्हतं.

लेकीने औषध घेतलं, अर्धं तोंड वाकडं केलं. बायकोने फ्रीजवरच्या कागदावर लिहिलं: 2:25, अडीच मिली, 250 वालं. पुढचा डोस 8:25 च्या आधी नाही, आणि तोही ताप असला तरच.

साडेतीनला घाम आला, 100.6. सकाळी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अडीच मिलीच बरोबर, तेच चालू ठेवा. मी मार्कर घेऊन खोक्यावर मोठ्ठं "अडीच" लिहिलं. बायकोने ते बघितलं आणि म्हणाली, "खोक्यावर नको, बाटलीवर लिही. खोकं उद्या कचऱ्यात जाईल."