गरोदरपणात जांघेतली चमक, कंबरदुखी आणि पायांची सूज: काय सोसावे, काय दाखवावे



इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीत आरोग्याच्या बैठकीला गेले होते. बैठक संपल्यावर एक सून थांबून राहिली. दुसरे बाळंतपण, एकतिसावा आठवडा, म्हणजे आठवा महिना लागलेला. तिची तीन दुखणी होती. रात्री कूस बदलताना उजव्या जांघेत सुरी मारल्यासारखी चमक भरते, कंबर दिवसभर दुखते आणि पाय सुजतात. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सिस्टर, पोटुशीला हे सगळं होतंच. आम्हाला नाही का झालं?" सासूबाई तीनपैकी दोन गोष्टींत बरोबर होत्या. तिसरीचे काय झाले ते पुढे सांगते.

ती सगळ्यात जास्त घाबरली होती जांघेतल्या चमकेला, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू. गर्भपिशवीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांपासून दोरीसारखे दोन पट्टे निघतात आणि जांघेतून खाली मायांगाच्या ओठांपर्यंत जातात. डॉक्टर त्यांना राउंड लिगामेंट म्हणतात. पिशवी वाढते तसे हे पट्टे ताणले जातात. ताणलेल्या पट्ट्याला अचानक हिसका बसला की कळ उठते. झटकन उठणे, कूस बदलणे, शिंकणे, खोकणे, एवढे निमित्त पुरते. चौथ्या महिन्यापासून ती सुरू होऊ शकते आणि पुष्कळ जणींना उजव्या बाजूला जास्त जाणवते. तिची ओळख सोपी आहे. काहीतरी हालचाल केली की येते, काही क्षण टिकते आणि स्वस्थ बसले की जाते. बाळाला तिच्यामुळे काही होत नाही. कूस बदलताना दोन्ही गुडघे जवळ घेऊन सावकाश वळावे. शिंक येणार असे वाटले तर कमरेत किंचित वाकून मांड्या पोटाकडे घ्याव्यात, म्हणजे हिसका कमी बसतो. त्या सुनेला मी तिथेच चटईवर झोपवून वळायला शिकवले, तर हसायला लागली.

पण कळ जातच नसेल, तासभर टिकून वाढत असेल, सोबत ताप, उलटी, लघवीला जळजळ किंवा अंगावरून रक्त असेल, तर ती पट्ट्याची चमक नव्हे. अपेंडिक्स गरोदरपणातही सुजते. तेव्हा वाट बघत बसू नये.

कंबरेचे कारण वेगळे. पोट पुढे येते तसा तोल सांभाळायला बाई कंबर मागे टाकून चालते आणि सगळा ताण पाठीच्या खालच्या भागावर येतो. त्यातच गरोदरपणातल्या हार्मोनमुळे ओटीपोटाच्या हाडांचे सांधे सैल पडतात. आपल्या बायकांना वर खुरपणी, जिरायती पट्ट्यात पाण्याचे हंडे, नाहीतर बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कात आठ तास शिलाईला बसणे. कंबर न दुखली तरच नवल. भरलेला हंडा उचलू नये, तो घरातल्या दुसऱ्या कोणीतरी उचलावा. झोपताना कुशीवर झोपून दोन गुडघ्यांच्या मध्ये घडी केलेली गोधडी ठेवावी. गरम पाण्याच्या पिशवीने कंबर शेकायला हरकत नाही, पोट मात्र शेकू नये.

मेडिकल दुकानातून अंगदुखीची गोळी आपल्या मनाने आणू नका, हे मी आवर्जून सांगते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा ज्या मिश्र गोळीत आयबुप्रोफेन आहे ती, पाचव्या महिन्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करू शकते. बाळाभोवतीचे पाणीही कमी होऊ शकते. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल.

कंबरदुखीत दोन ठिकाणी सावध व्हावे. दुखणे लाटेसारखे ठरावीक वेळाने येत-जात असेल आणि त्याच वेळी पोट दगडासारखे कडक होत असेल, तर नववा महिना भरायच्या आत कळा सुरू झाल्या असे धरावे आणि थेट दवाखाना गाठावा. दुसरे म्हणजे, बरगड्यांखाली पाठीत एका बाजूला दुखून थंडी-ताप येत असेल, तर तो मूत्रपिंडातला जंतुसंसर्ग असू शकतो. तोही घरी बरा होत नाही.

आता पाय. वाढलेली पिशवी पोटातल्या मोठ्या शिरांवर दाब देते, पायांतले रक्त वर चढायला वेळ लागतो आणि अंगात पाणीही जास्त साठते. म्हणून दिवसभर उभे राहिले की संध्याकाळी घोटे सुजतात, आणि पाय उंचावर ठेवून, डाव्या कुशीवर झोपले की सकाळी उतरतात. अशी दोन्ही पायांना सारखी येणारी, रात्रीत उतरणारी सूज नेहमीची. अंगठा दाबल्यावर खड्डा पडला की बायका घाबरतात, पण खड्डा साध्या सुजेतही पडतो. मीठ बंद करणे, पाणी कमी पिणे, लघवीची गोळी घेणे यातले काहीही करू नये.

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती पोटरी चोळू नये, तेल लावून मालिश तर मुळीच नको. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

त्या सुनेला मी विचारले, "सकाळी सूज उतरते का?" ती म्हणाली, "नाही, आता सकाळीसुद्धा तोंड सुजल्यासारखं वाटतं." हातातल्या बांगड्या रुतल्या होत्या. डोकेदुखी नव्हती, डोळ्यांपुढे अंधारीही नव्हती. तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर तिसऱ्या महिन्याचा रक्तदाब होता 100/64, सहाव्याचा 110/70. पुढच्या तपासणीला ती गेलीच नव्हती, कामाचे दिवस होते. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसवले आणि बीपी मोजले. 146/94. पंधरा मिनिटांनी परत मोजले, 144/92.

पाचव्या महिन्यानंतर बीपी 140/90 किंवा त्याहून वर गेले की ते गरोदरपणातले वाढलेले बीपी. सोबत लघवीतून प्रथिन जात असेल तर त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. त्यात झटके येऊ शकतात, आईचे यकृत-मूत्रपिंड बिघडू शकते, बाळाची वाढ खुंटते. आणि सुरुवातीला बाईला काहीच दुखत नाही. सूज नसतानाही हा आजार होतो, त्यामुळे पायांकडे बघून निदान करता येत नाही. बीपी आणि लघवी तपासावीच लागते.

सासूबाईंना आकडे दाखवले तेव्हा त्या गप्प झाल्या आणि स्वतःच पिशवी भरायला उठल्या. 102 ला फोन केला, गरोदर बाईला ही गाडी मोफत असते. रुग्णालयात लघवीत प्रथिन दोन प्लस निघाले. काही दिवस भरती ठेवले, बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या, बाळाची सोनोग्राफी झाली. घरी आल्यावर आशाताई दर दोन दिवसांनी बीपी बघत होत्या. सदतिसाव्या आठवड्यात डॉक्टरांनी कळा आणून बाळंतपण केले. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

गोळ्या लगेच थांबल्या नाहीत. हे बीपी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत वर जाऊ शकते, झटकेही येऊ शकतात. म्हणून घरी आलेल्या बाळंतिणीचेही बीपी मोजून घ्यावे.

बीपी 160/110 च्या घरात असेल, डोके फुटल्यासारखे दुखत असेल, डोळ्यांपुढे ठिणग्या दिसत असतील, बरगड्यांखाली उजव्या बाजूला पोट दुखत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर रात्र असो की पहाट, लगेच निघावे. अशा वेळी झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन लागते. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिला डोस देऊन पुढे पाठवू शकतात.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. डॉक्टर तपासतात, बीपी, रक्त आणि लघवी बघतात. जाताना कार्ड न्यावे, आणि बीपीचा आकडा कार्डावर लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.