डिझेल वजा करून वाटणी : चालकाच्या हाती किती?

प्रश्न : मी मालकाची टॅक्सी चालवतो. भाड्यातून डिझेल काढून उरलेल्यात मालकाचे ६० आणि माझे ४० टक्के. डिझेल मालकच भरतो, तरी हाती कमी का येते?
– एक चालक, चांदूर बाजार

उत्तर : भाऊ, पंपावर पैसे मालक देत असला तरी डिझेल वाटणीआधी वजा होते. म्हणजे त्यातले ४० टक्के तुम्हीच सोसता.

समजा, भाडे २,६०० रुपये आले आणि २०० किलोमीटरला ९०० रुपयांचे डिझेल लागले. उरले १,७००, तुमचे ६८०. त्याऐवजी डिझेल न कापता एकूण भाड्याचे ३० टक्के ठरले असते, तर ७८० मिळाले असते. डिझेल भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त गेले की ३० टक्केच परवडतात. कमी गेले तर सध्याचीच वाटणी बरी. अमरावतीला सवारी सोडून गाडी रिकामी परतली, तर भाडे एका बाजूचे आणि डिझेल दोन्ही बाजूंचे, म्हणून ते प्रमाण वाढते.

मालकाशी दोनपैकी एक बोलून पाहा : एकूण भाड्यावर हिस्सा, किंवा रिकाम्या फेरीचे डिझेल मालकाकडे. मालकाच्या घरकामाला फिरलेल्या गाडीचे डिझेलही वाटणीतून वगळा. डिझेल अंदाजाने कापू देऊ नका. टाकी फुल ते टाकी फुल मोजा आणि मीटरचे आकडे, पावती वहीत ठेवा. टायर, सर्व्हिसिंग, विमा कोणाचा, हे आधीच लिहून घ्या.