पॉडकास्टला जाण्याआधी होस्टला पाठवायची तीन वाक्यं

होस्टने "तुमची थोडी माहिती पाठवा" म्हटलं की बरेच जण शिक्षण, पुरस्कार आणि 'दर्जेदार सेवा' लिहून मोकळे होतात. त्यातून प्रश्न सुचत नाही, मग मुलाखत "तुमच्या प्रवासाबद्दल सांगा"वरच अडकते.

समजा, तुमचा लाकडी घाणा आहे. मग असं लिहा:

"मी लाकडी घाण्यावर शेंगदाणा तेल काढून थेट घरोघरी विकते. एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात, म्हणून आमचा भाव रिफाइंडपेक्षा बराच जास्त पडतो. 'एवढं महाग का?' म्हणणारं गिऱ्हाईक भाव न पाडता कसं टिकवायचं, यावर मी बोलेन."

पहिल्या वाक्यात धंदा, दुसऱ्यात अडचण. विषय अडचणीतूनच निघतो. आकडा मात्र एकच पुरे. तिसरं वाक्य होस्टला एपिसोडच्या नावासाठीही वापरता येतं.

पाठवण्याआधी धंद्याबाहेरच्या कुणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, "तू पहिला प्रश्न काय विचारशील?" उत्तर "कधी सुरू केलं?" असं आलं, तर दुसरं वाक्य परत लिहा. "पेंडेचं काय करता?" आलं तरी चालेल, तो निदान तुमच्या धंद्याचा प्रश्न आहे.