चालण्याची यादी

चि. भाचीस,


वर्गातल्या मुलांकडून तू करून घेतलेली क्रियापदांची वही पोचली. काही मुलांच्या घरी गोंडी बोलतात, काहींच्या घरी छत्तीसगढी किंवा पोवारी. तरीही चालण्याची इतकी क्रियापदं त्यांनी जमवली, हे मला फार आवडलं. पण यादीतल्या प्रत्येक शब्दापुढे अर्थ एकच आहे: ‘चालणे’, फार तर ‘हळू चालणे’. रेंगाळणे म्हणजे हळू चालणे, रखडणे म्हणजे हळू चालणे, घुटमळणे म्हणजेही हळू चालणे. अशी यादी पाठ करून मूल निबंधात कोणताही शब्द कुठेही घालेल. शब्द कशात सारखे आहेत ते त्याला कळेल, वेगळे कशात आहेत ते कळणार नाही. म्हणून आता वही भरायची ती फरकांची.

हेच तीन शब्द घे आणि ते दरेकशाच्या स्टेशनवर उभे करून बघ. गाडीतून उतरलेला मुलगा घरी जायचं सोडून फलाटावर मालगाडीचे डबे बघत राहिला, तर तो रेंगाळला. त्याला जाता येत होतं, पण तो गेला नाही. पुढे सिग्नल न मिळाल्यामुळे गाडी उभी राहिली आणि आतले प्रवासी अडकले, तर ते रखडले. त्यांना जायचं होतं, पण जाता आलं नाही. आणि मास्तरांच्या खोलीत काहीतरी विचारायला आलेला माणूस दारापर्यंत जातो, मागे फिरतो, पुन्हा दाराशी येतो, तो घुटमळतो. त्याचं मन ठरत नाही आणि पाय एकाच जागेभोवती फिरतात.

हा फरक मुलांना तपासून दाखवता येतो. शब्दाच्या आधी ‘मुद्दाम’ लावायचं. ‘तो मुद्दाम रेंगाळला’ हे सरळ वाटतं, ‘तो मुद्दाम रखडला’ हे कानाला खटकतं. रखडणारा स्वतः रखडत नाही, त्याला कोणीतरी रखडवतं. घुटमळण्यासाठी दुसरा प्रश्न विचारायचा: कशाभोवती? त्याला उत्तर नसेल तर तो शब्द तिथे बसत नाही. या परीक्षेची मर्यादाही सांग. माणसाबद्दल बोलताना हा भेद स्पष्ट असतो, पण ‘काम रेंगाळलं’ आणि ‘काम रखडलं’ ही वाक्यं लोक जवळजवळ एकाच अर्थाने बोलतात. म्हणून वहीत उदाहरणं चालत्या माणसाचीच घ्यावीत.

दुसरा गट हिंडण्याचा. इथे पायांची हालचाल सारखीच असते, बदलतो तो बोलणाऱ्याचा निवाडा. ‘हिंडणे’ यात ना स्तुती ना निंदा. ‘भटकणे’ म्हटलं की ठिकाण ठरलेलं नाही असं सांगितलं जातं, पण भटकणारा सुखातही असू शकतो. ‘वणवण’ म्हणताच गरज आली: पाण्यासाठी, कामासाठी, दाखल्यासाठी. नुसती मौजेची वणवण कोणी करत नाही. ‘उंडारणे’ यात दोष देणारा बोलतो. तेव्हा ‘पोरगा दिवसभर उंडारला’ या वाक्यात पोरापेक्षा ते बोलणारी आईच जास्त दिसते. मुलांना विचार, हा शब्द कोण कोणाबद्दल वापरतं? या गटाच्या नोंदीत तोच रकाना महत्त्वाचा.

आणखी एक. मुलांच्या वाक्यांत ‘पोरं मैदानात हिंडून राहिली’ असं आलंय, ते खोडू नकोस. आपल्या भागात ‘हिंडून राहिली’ म्हणजे ‘हिंडत आहेत’. पुण्याचा वाचक मात्र ‘राहिली’चा अर्थ ‘मागे उरली’ असा घेऊ शकतो. दोन्ही रूपं शेजारी लिही. कोणतं कुठे चालतं ते मुलांना कळलं की पुरे.

आता तुझ्या वहीतलं एक वाक्य घेतो. कचारगडच्या जत्रेवर एका मुलीने लिहिलंय: ‘म्हातारी हळूहळू चालत गुहेकडे गेली.’ त्यावर तू लाल शाईने लिहिलंस, ‘चांगलं क्रियापद वापर.’ पण चांगलं म्हणजे कोणतं? माघ पौर्णिमेला धनेगावकडून गुहेकडे चढणाऱ्या गर्दीत म्हातारीचा वेग कमी होण्याची कारणं बरीच असू शकतात. एक पाय अधू असेल तर ती लंगडत गेली. थकवा असेल तर पाय ओढत गेली. वाटेतल्या दगडांवर पायाची बोटं आपटत असतील तर ठेचकाळत गेली. तोल सांभाळता येत नसेल तर लडखडत गेली. तिला कोणी हाताला धरून मनाविरुद्ध नेत असेल तर फरफटत गेली. ‘खुरडत’ लिहिलं तर मात्र तिला उभं राहताच येत नाही, बसल्या बसल्या पुढे सरकावं लागतं, असं चित्र उभं राहतं आणि चढाची सगळी हकिगत बदलते.

म्हणजे यातलं प्रत्येक क्रियापद म्हातारीच्या शरीराबद्दल किंवा वाटेबद्दल एक विधान करतं, आणि ते खरं किंवा खोटं असतं. शब्द निवडण्याआधी त्या मुलीला विचार, तू काय पाहिलंस? समज ती म्हणाली, ‘आजीच्या हातात काठी होती, ती दर थोड्या वेळाने थांबायची, पण कोणाचा हात धरत नव्हती.’ मग यादीतलं एकही क्रियापद नको. ‘म्हातारी काठी टेकत, थांबत थांबत, एकटीच गुहेपर्यंत चढली’ हे वाक्य पुरेसं आहे. मुलीने चालण्याची तऱ्हा आठवून सांगितली आणि ‘चढली’ने वाट दाखवली. मराठीत चालण्याची छटा पुष्कळदा क्रियापदात नसते, त्याच्या आधीच्या शब्दात असते. दुडुदुडु चालतं ते नुकतं पाऊल टाकायला लागलेलं मूल. तुरुतुरु चालणारा पावलं लहान पण भरभर टाकतो. झपाझप जाणाऱ्याला घाई असते, तरातरा जाणाऱ्याला बहुधा राग असतो. या शब्दांना वहीत वेगळं पान दे, क्रियापदांत मिसळू नकोस.

बोलण्याच्या क्रियापदांनाही हेच प्रश्न लागू पडतात. पुटपुटायला एकटा माणूस पुरतो. कुजबुजायला दुसरं कोणीतरी लागतं, आणि ज्याला ऐकू जाऊ नये असा तिसराही बहुधा जवळपास असतो. खेकसणारा बहुतेक वेळा स्वतःपेक्षा लहान किंवा दुबळ्या माणसावर खेकसतो. इथे व्याकरणाची एक चूक मुलं हमखास करतात, तीही दाखव: ‘त्याने सांगितलं’, ‘त्याने विचारलं’, पण ‘तो पुटपुटला’, ‘ती कुजबुजली’, ‘तो खेकसला’. ‘त्याने खेकसलं’ होत नाही.

अर्थ अडला तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा 1857 सालचा कोश जरूर बघ, पण शेवटचा निर्णय त्यांच्यावर सोपवू नकोस. त्यात जुन्या वापराचे अर्थही असतात. आज शब्द कसा बोलला जातो ते बाजारात आणि फलाटावर ऐक.

या आठवड्यात नवे शब्द जमवू नका. जमलेल्यांतले रेंगाळणे, रखडणे, घुटमळणे आणि उंडारणे हे चारच घ्या. प्रत्येकापुढे मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेला माणूस, तो तसा का चालला त्याचं कारण आणि त्याच शब्दाचं एक चुकीचं वाक्य लिहून घे. चुकीचं वाक्य का चुकलं हे ज्या मुलाला सांगता येईल, त्याला तो शब्द आला असं समज. ती पानं मला पाठव, मी एकेक वाक्य वाचून उत्तर लिहीन.

तुझा,
मामा