स्क्रीन पुसण्याआधी

धरणगावात माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. पीकविमा, दाखले, शिष्यवृत्ती, रेल्वेची तिकिटं अशी कामं दिवसभर चालतात. दुकानाचं दार रस्त्यावर उघडतं. कापसाचा हंगाम सुरू झाला, की जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांची धूळ आणि कापसाचे बारीक तंतू सरळ आत येऊन मॉनिटरवर बसतात. दुकानात मदतीला असलेला मुलगा मोठा कामसू. रोज सकाळी तो दर्शनी काच चकाचक करायचा आणि त्याच हाताने, त्याच काचेच्या स्प्रेने, वर्तमानपत्राच्या बोळ्याने मॉनिटरही पुसायचा. काही महिन्यांनी स्क्रीनच्या मधोमध तळहाताएवढा एक चमकदार पट्टा दिसू लागला. पांढऱ्या पानावर तो फारसा जाणवत नसे, पण मॉनिटर बंद केला की स्पष्ट दिसे.

आम्हाला आधी तो डाग वाटला. ओलं फडकं फिरवलं की तो नाहीसा व्हायचा आणि पाणी सुकलं की परत यायचा. त्यामुळे अजून नीट पुसलं गेलं नाही असं समजून मुलगा जास्त जोर लावायचा. शेवटी जळगावला मॉनिटर दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे तो घेऊन गेलो. त्याने मॉनिटर बंद ठेवला, वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडेल असा तिरका धरला आणि म्हणाला, “भाऊ, हाऊ डाग नही शे. आठला थरच निंघी गया.”

कडेच्या भागात ट्यूबलाइट धुरकट, पसरट दिसत होती. मधल्या पट्ट्यात मात्र तिची कड धारदार दिसत होती. हीच खरी ओळख. ती आधी माहीत असती तर निम्मं नुकसान टळलं असतं, म्हणून तिच्यामागचं कारण सविस्तर सांगतो.

कार्यालयातले बहुतेक मॉनिटर आणि बरेच लॅपटॉप मॅट स्क्रीनचे असतात. त्यांचा आपल्या बाजूचा पृष्ठभाग काचेचा नसतो. काच आत असते आणि तिच्यावर प्लास्टिकची पोलरायझर फिल्म चिकटवलेली असते. त्या फिल्मच्या सर्वांत वरच्या बाजूला काही मायक्रॉन जाडीचा कडक थर असतो आणि तो मुद्दाम खडबडीत केलेला असतो. डोळ्याला न दिसणारे ते उंचवटे खिडकीचा आणि दिव्याचा उजेड सगळीकडे विखुरतात, त्यामुळे आरशासारखी चमक येत नाही. उंचवटे घासून सपाट झाले, की तेवढा भाग गुळगुळीत होऊन चमकू लागतो. म्हणजे आमच्या स्क्रीनवर काही चिकटलं नव्हतं, तिथलं काहीतरी कमी झालं होतं.

ओल्या फडक्याने पट्टा का लपायचा, हेही यातूनच कळतं. बाथरूमच्या दुधी काचेवर पाणी पडलं की ती तेवढ्यापुरती पारदर्शक दिसते, कारण पाणी खळगे भरून काढतं. स्क्रीनवरही पाणी सगळीकडे सारखं पसरलं की खडबडीत आणि घासलेला भाग यांतला फरक मिटतो. म्हणून पाण्याने गेला आणि सुकल्यावर जसाच्या तसा परत आला, असा डाग दिसला की घासणं तिथेच थांबवावं आणि ट्यूबलाइटची परीक्षा करावी. तो क्षारांचा डाग असेल तर स्वच्छ पाण्याच्या दोन-तीन हलक्या पुसण्यांत फिका पडत जातो. थर गेला असेल तर काडीचाही फरक पडत नाही.

चकचकीत स्क्रीनची गोष्ट थोडी वेगळी आहे. काही चकचकीत लॅपटॉपच्या काचेवर प्रतिबिंब कमी करणारा अतिशय पातळ थर असतो. तो उजेड विखुरत नाही, तर परत येणारा उजेडच कमी करतो. अशा बंद स्क्रीनमध्ये दिवा जांभळट किंवा हिरवट छटेचा दिसतो. जिथे थर गेला, तिथे तोच दिवा पांढरा आणि जास्त उजळ दिसतो. 2015 च्या सुमारास अ‍ॅपलच्या रेटिना मॅकबुकवर असेच ढगासारखे चट्टे पडल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या आणि कंपनीला ठरावीक मॉडेलांचे डिस्प्ले मोफत बदलून द्यावे लागले. महागड्या यंत्रावरचा थरही किती नाजूक असू शकतो, हे त्यातून कळतं.

आता द्रवांकडे येऊ. खिडकीच्या काचेचा स्प्रे खिडकीसाठी ठीक आहे, कारण खिडकीवर बिघडण्यासारखा थरच नसतो. अशा अनेक स्प्रेंमध्ये अमोनिया असतो आणि मॉनिटरच्या पुस्तिकांत अमोनिया वापरू नका असं बहुधा लिहिलेलं असतं. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन, रंगाचा थिनर, पेट्रोल आणि रॉकेल हे तर स्क्रीनजवळही नेऊ नयेत. प्लास्टिकची फिल्म त्यांनी फुगते, धुरकट होते किंवा तिला बारीक तडे जातात, आणि अ‍ॅसिटोनच्या बाबतीत हे एकाच पुसण्यात होऊ शकतं. फिनेल, ब्लीच, व्हिनेगर, लिंबू हेही नकोत. ओरखडा घालवायला टूथपेस्ट लावा असा सल्ला हमखास मिळतो. टूथपेस्टमध्ये घासण्यासाठीच बारीक कण घातलेले असतात. मॅट स्क्रीनवर ती लावणं म्हणजे उरलेले उंचवटेही सपाट करणं.

कोरोनापासून हँड सॅनिटायझर घरोघरी आहे. त्यात अल्कोहोलबरोबर हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन किंवा तसलंच काही घातलेलं असतं. ते स्क्रीनवर चिकट पडद्यासारखं राहतं, त्यावर धूळ बसते, मग आपण पुन्हा घासतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचं उत्तर सरसकट देता येत नाही. काही कंपन्या 70 टक्के द्रावण कापडावर घेऊन वापरायला परवानगी देतात, काही नुसतंच पाणी सांगतात. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच ते वापरावं, आणि तेही पाण्याने न निघणाऱ्या तेलकट डागापुरतं.

मग वापरायचं काय? पाणी, पण बोअरचं नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. चहाच्या भांड्यात जो पांढरा थर धरतो, तोच स्क्रीनवर थेंब सुकला की ठिपका होऊन बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर यासाठी उत्तम. बॅटरीच्या दुकानात ते स्वस्तात मिळतं आणि एक बाटली स्क्रीनसाठी वर्षानुवर्षं पुरते. घेताना मात्र लेबल वाचून घ्यावं, कारण त्याच दुकानात बॅटरीचं अ‍ॅसिडही बाटलीत मिळतं. ते सल्फ्युरिक अ‍ॅसिड असतं. स्क्रीन तर जाईलच, हातही भाजेल. बिनलेबलची बाटली घरी आणूच नये.

कापडाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्वाची आहे स्क्रीनवर आधीच बसलेली धूळ. रस्त्याच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते प्लास्टिकच्या थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरड्या धुळीवर कोणतंही कापड दाबून फिरवलं की कापडाखाली तेच कण घासले जातात. त्यात वर्तमानपत्र, टिश्यू, पंचा, टॉवेल किंवा साडीचा पदर वापरला तर आणखी भर पडते. कागदाचे तंतू आखूड आणि राठ असतात, टॉवेल धूळ धरून ठेवतो आणि पदराला जर किंवा टिकली असू शकते. चांगलं मायक्रोफायबरचं कापड यासाठीच असतं; त्याचे अतिशय बारीक धागे कण उचलून आत घेतात. चष्म्याबरोबर मिळणारं फडकं चालतं, पण त्याने चष्मा पुसल्यावर तेच तेलकट फडकं स्क्रीनवर नको. कापड साध्या साबणाने धुवावं, भरपूर खळखळावं आणि सावलीत वाळवावं. कपडे मऊ करणारं कंडिशनर त्यात घालू नये, कारण त्याचा मेणकट थर धाग्यांवर बसतो आणि पुसताना स्क्रीनवर ओघळ उमटतात. कापड जमिनीवर पडलं तर धुतल्याशिवाय परत वापरायचं नाही.

त्या मॉनिटरनंतर दुकानात नवीन मॉनिटर आला आणि त्याची सफाई आता अशी चालते. आधी मॉनिटर बंद करून वीज काढतो आणि थोडा थंड होऊ देतो. काळ्या पडद्यावर धूळ दिसते आणि थंड पडद्यावर पाणी पुसायच्या आत सुकून डाग पडत नाहीत. मग कॅमेऱ्याची लेन्स साफ करायच्या रबरी फुग्याने वरून खाली धूळ उडवतो. तोंडाने फुंकलं की थुंकीचे तुषार उडतात, म्हणून ते टाळतो. राहिलेली धूळ कोरड्या मायक्रोफायबरने, जवळजवळ कापडाच्या स्वतःच्या वजनानेच, एका दिशेला ओढून घेतो. बहुतेक दिवशी काम इथेच संपतं, पाण्याची गरजच पडत नाही.

बोटांचे ठसे किंवा शिंकेचे थेंब असतील, तर कापडाचा एक कोपरा डिस्टिल्ड वॉटरने नुसता दमट करतो. पिळला तर थेंब पडता कामा नये, इतकाच. पाणी थेट स्क्रीनवर कधीच मारत नाही. तसं मारलेलं पाणी ओघळून खालच्या कडेत उतरतं आणि तिथेच पॅनेलच्या नाजूक वायरिंगचे जोड असतात. खालच्या बाजूला रेषा उमटलेले अनेक मॉनिटर त्या कारागिराकडे असेच येतात. दमट कापड सरळ, लांब ओळींत फिरवायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपायचं. एखादा ठसा निघाला नाही, तर दाब वाढवण्याऐवजी दमट भाग त्यावर अर्धा मिनिट नुसता टेकवून ठेवायचा आणि मग पुसायचं. कडक झालेला डाग मऊ व्हायला वेळ लागतो. बोटाचा जोर लावला तर आतल्या पॅनेलवर पांढरट ठिपका पडू शकतो आणि तो कायम राहतो.

लॅपटॉपवर कीबोर्डच्या चौकोनी खुणा उमटत असतील, तर स्क्रीनइतकंच कीबोर्डकडेही पाहावं. झाकण बंद झाल्यावर बटणांवरचं हातांचं तेल स्क्रीनला लागतं. लॅपटॉप बंद असताना दमट कापडाने बटणं पुसून घेतली की स्क्रीन पुसण्याची वेळच कमी येते.

गेलेला थर घरी परत लावता येत नाही. तसा दावा करणारं पॉलिश विकत घेऊ नये. ते खळगे भरून काही दिवस फरक लपवतं, एवढंच. पट्टा नजरेआड करून काम चालवायचं, नाहीतर पूर्ण पॅनेल बदलायचं, आणि जुन्या मॉनिटरला पॅनेलचा खर्च बहुधा परवडत नाही. म्हणून नवीन कापड किंवा पुस्तिकेने परवानगी दिलेलं नवीन द्रावण आणलं, की आधी खालच्या एका कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर वापरून पाहावं. पूर्ण सुकू द्यावं, स्क्रीन बंद ठेवून त्या जागेवर दिव्याचं प्रतिबिंब पाडावं. प्रतिबिंब शेजारच्या भागासारखंच दिसलं तर पुढे जावं. ते अधिक धारदार, अधिक उजळ किंवा वेगळ्या रंगाचं दिसलं, तर ते द्रावण त्या स्क्रीनसाठी नाही, मग बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.