नाश्ता बंद केला, मग गोळीचं काय?

दिवसातून दोनदाच जेवायचं, या पद्धतीशी माझं भांडण नाही. डॉ. जिचकारांच्या भाषणांतून आणि पुढे डॉ. दीक्षितांच्या प्रसारातून ती महाराष्ट्रभर झाली, तशी सुरतेतल्या आम्हा मराठी घरांतही आली. माझा राग आमच्या उधन्यात डाएटचा ग्रुप चालवणाऱ्या भाऊंवर आहे. आमच्या ह्यांना मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी चालू आहे, हे मी भाऊंना आधीच सांगितलं होतं. "ताई, गोळ्या आहेत तशा चालू द्या, फक्त नाश्ता आणि पोळी-भात बंद करा," असं ते म्हणाले.

म्हणजे गोळी सकाळी आणि पहिलं जेवण दुपारी एकला, तेही भाजी, पनीर, काकडी. रिंग रोडच्या मार्केटात साड्यांचं पार्सल बांधताना हे घामाने निथळले, हात थरथरायला लागले, गिऱ्हाइकाशी भलतंच बोलू लागले. शेजारच्या दुकानातल्या ग्लुकोमीटरवर शुगर आली 46. साखरेच्या पाण्याने सावरले. भाऊंना फोन केला तर म्हणे, "शरीरातली घाण निघतेय, साखर कशाला दिलीत?" दुपारी जेवूनही पुन्हा 58 झाली, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा खेळ गोळीचा होता.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो, आणि तिचा असर जवळपास दिवसभर राहतो. म्हणून एकदा साखर देऊन भागत नाही. डॉक्टरांनी ह्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवलं, ग्लिमेपिराइड बंद केली, मेटफॉर्मिन जेवणाबरोबर चालू ठेवली. एकट्या मेटफॉर्मिनने शुगर अशी सहसा कोसळत नाही.

त्यानंतर तोच आहार ह्यांना मानवला. वजन उतरलं, एचबीए1सी 8.6 वरून 6.7 वर आलं. भाऊंनी तो रिपोर्ट स्वतःचं यश म्हणून ग्रुपवर टाकला. मी खाली 46 चा आकडा लिहिला, तर मलाच काढून टाकलं!

ब्रिटनच्या डायरेक्ट अभ्यासात कमी उष्मांकाच्या आहाराने वर्षभरात जवळपास निम्म्या लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात राहिला. पण तिथे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या, हे कुणी सांगत नाही.

तेव्हा आहार बदलण्याआधी गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर डोस आधी बदलून घ्या, मनाने नको. रक्तदाबाची गोळी असेल आणि उठताना चक्कर येत असेल तर तेही सांगा. सुरुवातीला शुगर रोज तपासा. 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, सावरल्यावर काहीतरी खायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, सरळ 108 ला फोन करा.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर पोळी-भात तोडण्याआधी नक्की विचारा. ह्या गोळ्यांवर उपास केला की रक्तात आम्ल साचू शकतं आणि शुगर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप लागली तर मीटरच्या आकड्यावर विसंबू नका. गोळी थांबवून थेट दवाखाना गाठा आणि कीटोन तपासायला सांगा.