लोखंडाचे ज्वलन आणि पृष्ठफळ

स्टील वूलच्या झुबक्याला जळती काडी लावली की त्यात ठिणग्या धावू लागतात. त्याच काडीवर लोखंडी खिळा कितीही वेळ धरला तरी तो फक्त काळवंडतो. पदार्थ दोन्हींत मुख्यत्वे लोखंडच; मग हा भेद का?

ज्वलन म्हणजे लोखंडाचा प्राणवायूशी संयोग आणि त्यातून उष्णतेची निर्मिती: 3Fe + 2O₂ → Fe₃O₄. हा संयोग केवळ पृष्ठभागावर घडतो, कारण प्राणवायू आतल्या लोखंडापर्यंत पोहोचत नाही. म्हणून वस्तूचे वजन किती, यापेक्षा तिचे पृष्ठफळ किती, याला येथे महत्त्व आहे.

हिशेब मांडून पाहू. ४ मिलिमीटर व्यासाचा, ५ सेंटिमीटर लांबीचा खिळा घेतला, तर त्याचे वजन सुमारे ५ ग्रॅम आणि पृष्ठफळ सुमारे ६.३ चौरस सेंटिमीटर भरते. तेवढ्याच लोखंडाचे ०.०४ मिलिमीटर व्यासाचे तंतू काढले, तर व्यास शंभरपट कमी होतो, लांबी दहा हजारपट वाढून ५०० मीटर होते आणि पृष्ठफळ शंभरपट, म्हणजे सुमारे ६३० चौरस सेंटिमीटर होते. टपाल तिकिटाएवढा पृष्ठभाग वहीच्या मोठ्या पानाएवढा झाला!

आता उष्णतेचा विचार करू. खिळ्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ८०० मिलिग्रॅम लोखंड आहे. पृष्ठभागावर निर्माण झालेली उष्णता या आतल्या थंड लोखंडात पसरून जाते. शिवाय वर तयार होणारा ऑक्साइडचा थर पुढील संयोगाला अडवतो. तंतूमध्ये मात्र प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे केवळ ८ मिलिग्रॅम लोखंड असते. त्यामुळे तो क्षणात तापून लाल होतो आणि शेजारच्या भागालाही पेटवतो. चाळीसगावच्या बाजारात धार लावणाऱ्याच्या चाकावरून उडणाऱ्या ठिणग्या हे असेच जळणारे लोखंडाचे कण होत.

प्रयोग करताना झुबका सैल ठेवावा. घट्ट दाबलेल्या गोळ्यात हवा शिरत नाही आणि आग विझते. भांडी घासण्याची चकचकीत घासणी वापरू नये. ती बहुधा जाड पट्ट्यांची व क्रोमियमयुक्त स्टीलची असते, म्हणून पेटत नाही. प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, वाळू पसरलेल्या धातूच्या ताटलीत करावा.

ज्वलनापूर्वी व नंतर ताटलीसह वजन करावे. लाकडाची राख हलकी होते, पण येथे वजन वाढलेले दिसेल. ती वाढ लोखंडाने धरून ठेवलेल्या प्राणवायूची. सर्व लोखंड जळाले तर ५ ग्रॅमचे जवळजवळ ७ ग्रॅम व्हावेत. प्रत्यक्षात वाढ कमी भरते, कारण काही तंतू आतून न जळता राहतात आणि काही ठिणग्या ताटलीबाहेर उडतात. उरलेला करडा-काळा अवशेष बोटाने चुरडतो. खिळा मात्र पूर्वीसारखाच टणक राहतो, कारण त्याचा केवळ पृष्ठभाग बदललेला असतो.